आधी वचन, मग नाव

रात्रीचे पावणेएक. मेस नऊलाच बंद झाली, तिथलं जेवण केव्हाच जिरलं. उद्या सबमिशन आहे. खोलीत तिघं जागे आहेत, चौथा भिंतीकडे तोंड करून झोपलाय. कुणीतरी हळू आवाजात विचारतं, "काही मागवायचं का?" आणि मोबाइलवर यादी उघडते. मिडनाईट अमुक, हंग्री तमुक, कसले कसले बाईट्स आणि क्रेव्हिंग्ज. निम्म्या ठिकाणी 'बंद' असं दिसतं. काहींची नावं इतकी लांब की पडद्यावर अर्धीच मावतात. अंगठा सरकत राहतो. कुठे थांबायचं, हे काही सेकंदांत ठरतं.

क्लाउड किचनला या काही सेकंदांतच काय ते सांगता येतं. हे स्वयंपाकघर फक्त घरपोच जेवणासाठी चालतं, तिथे बसून खायची सोय नसते. रस्त्यावरच्या भुर्जीच्या गाडीला तव्याचा आवाज असतो, वास असतो, भोवती उभी असलेली चार माणसं असतात. तिथे जाणाऱ्याला गाडीवाल्याचं नाव ठाऊक नसलं तरी चालतं. क्लाउड किचनला यातलं काहीच मिळत नाही. ग्राहकाच्या हाती येतं ते एक नाव आणि त्याखालची एक ओळ.

बहुतेक मंडळी नावापासून सुरुवात करतात. घरात बसून वीस-पंचवीस नावं काढतात, एक पसंत करतात, लोगो करून घेतात आणि मग लोगोखाली जागा रिकामी दिसते म्हणून तिथे एक ओळ बसवतात. अशी ओळ सहसा 'चव जी मनात घर करेल' या धाटणीची होते. ती मिठाईच्या दुकानाला चालेल, मसाल्याच्या पाकिटाला चालेल, लग्नाच्या केटररलाही चालेल. भुकेल्या मुलाला ती काहीच सांगत नाही. म्हणून हा क्रम उलटा करायला हवा. आपलं स्वयंपाकघर रात्री एक वाजता, सगळ्यांत वाईट दिवशी काय पाळू शकेल ते आधी ठरवायचं. त्यातून ओळ निघते आणि ओळ हाती आली की नावाकडून नेमकं कोणतं काम हवंय ते कळतं.

कढईपासून सुरुवात

एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. पुण्यात कर्वेनगरच्या बाजूला एक बाई दिवसा मेस चालवतात, असं धरू. त्यांचा भाचा चार वर्षं हॉस्टेलमध्ये राहून इंजिनिअर झालाय. मावशीची शेगडी रात्री नऊनंतर रिकामी असते, म्हणून रात्री दहा ते दोन क्लाउड किचन चालवायचं दोघांनी ठरवलंय. पदार्थ मोजके आहेत : डाळखिचडी, अंडाभुर्जी-पाव, पराठा-दही आणि ताक. दोन शेगड्या, मदतीला एक मुलगा, पार्सल पोचवायला दोन स्वार, आणि तीन किलोमीटरच्या आतली हॉस्टेलं.

भाच्याच्या मनात पहिली ओळ तयारच असते : 'रात्रीची भूक, वीस मिनिटांत गायब.' मावशी म्हणतात, "अरे, वीस मिनिटं कुठून आणलीस? कढईला विचारलंस का?"

मग दोघं हिशेब मांडतात. खिचडी कुकरला आधी शिजवून ठेवलेली असते. ऑर्डर आली की लसूण-जिरं-मिरचीची फोडणी द्यायची, तिच्यात खिचडी परतून पातळ-घट्ट जमवायची, वरून तूप सोडायचं, याला सहा मिनिटं. डब्यात भरून झाकण लावायला दोन. रस्त्यावर सरासरी नऊ. हॉस्टेलच्या गेटवर फोन करून मुलगा खाली येईपर्यंत चार. बेरीज एकवीस. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही वीस मिनिटांचं वचन एका मिनिटाने मोडतंच.

आता सबमिशनच्या आदल्या रात्रीकडे बघू. साडेबाराच्या सुमारास एकदम पंधरा ऑर्डरी येतात. दोन शेगड्या आहेत, म्हणजे एका फेरीत दोन ऑर्डरी आणि फेरीला सहा मिनिटं. पंधरावी ऑर्डर आठव्या फेरीत येते. तिच्या आधी सात फेऱ्या, म्हणजे बेचाळीस मिनिटं. तिची स्वतःची सहा धरून अठ्ठेचाळीस. त्यात भरणं, रस्ता आणि गेट मिळवलं की त्रेसष्ट. जाहिरातीत वीस आणि हाती त्रेसष्ट. ज्या रात्री सगळं हॉस्टेल जागं असतं आणि सगळे एकमेकांना "तुझं आलं का?" विचारत असतात, नेमक्या त्याच रात्री हे घडतं. वचन मोडल्याची बातमी पसरायला याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही.

घाईच्या वचनाचा आणखी एक धोका आहे, आणि तो पार्सल घेऊन निघालेल्या माणसाच्या जिवाशी आहे. डोमिनोजने अमेरिकेत तीस मिनिटांच्या हमीचा मोठा गाजावाजा केला होता. चालक अपघात करताहेत, असे दावे न्यायालयात गेल्यावर 1993 मध्ये कंपनीने तिथली ती हमी बंद केली. रात्री एक वाजता, पावसात, खड्डा दिसत नसताना स्वाराला मिनिटांशी बांधून टाकणं हे काही स्वयंपाकघराचं काम नाही.

काय मोडत नाही

मग त्या पंधराव्या ऑर्डरीच्या बाबतीत नेमकं काय खरं राहिलं? भाचा हिशेबाचा कागद पुन्हा वाचतो आणि त्याला एक गोष्ट दिसते. उशीर झाला तो फोडणीच्या आधी झाला. खिचडी कढईतून उतरल्यानंतरचा वेळ पहिल्या ऑर्डरीला होता तेवढाच राहिला, म्हणजे पंधरा मिनिटं. म्हणून त्रेसष्टाव्या मिनिटाला हाती आलेली खिचडीही गरमच असणार. गर्दी वाढली की 'लवकर' हा शब्द मोडतो, पण 'गरम' टिकतो. शिवाय खिचडी उष्णता धरून ठेवते. भजी किंवा फ्रेंच फ्राइज बंद डब्यातल्या वाफेनं दहा मिनिटांत लुळी पडतात, खिचडीचं तसं होत नाही. पुढे ठेवायचा पदार्थही या हिशेबातूनच ठरला.

'गरम' टिकवायला मात्र दोन नियम पाळावे लागतात. पहिला, स्वाराने एका फेरीत तीनहून जास्त पार्सलं न्यायची नाहीत. पाच नेली तर पाचव्या मुलाला कोमट खिचडी मिळेल आणि हिशेबातली पंधरा मिनिटं खोटी ठरतील. दुसरा, साडेनऊला शिजवलेली सगळी खिचडी दोनपर्यंत नुसती झाकून ठेवायची नाही. शिजलेला भात कोमट राहिला तर त्यात जंतू वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. शिजलेलं अन्न 60 अंशांच्या वर ठेवावं लागतं. मावशींना यावर साधा मार्ग ठाऊक आहे. एकदम मोठं पातेलं न चढवता तीन घाणे काढायचे : साडेनऊला, अकराला आणि साडेबाराला. प्रत्येक घाणा मंद आचेवर गरम ठेवायचा आणि संपला की नवा काढायचा.

दुसरी टिकणारी गोष्ट म्हणजे वेळ, पण किती मिनिटांत पोचेल ही नव्हे, तर किती वाजेपर्यंत चालू राहील ही. पावणेएकला यादी उघडणाऱ्या मुलाचा पहिला प्रश्न 'किती चविष्ट?' हा नसतो. 'चालू आहे का?' हा असतो. 'रात्री उशिरापर्यंत' असं लिहिलं तर त्याचं उत्तर मिळत नाही, कारण कुणाचा उशीर अकराला होतो तर कुणाचा तीनला. 'रात्री दोनपर्यंत' हे उत्तर आहे. ते पाळलं की नाही, हे कुणालाही घड्याळ बघून सांगता येतं.

पण 'दोनपर्यंत' म्हणजे काय तेही आधी पक्कं हवं. दीडलाच ऑर्डर घेणं बंद केलं तर ओळ खोटी. म्हणून ठरतं असं की शेवटची ऑर्डर दोनला घ्यायची आणि शेगडी त्यानंतर बंद करायची. मदतनीस आणि स्वार अडीचपर्यंत थांबणार, त्यांचा पगार त्या हिशेबाने धरायचा. मालही पुरायला हवा. एका प्लेटीला डाळ-तांदूळ मिळून सुमारे 100 ग्रॅम कोरडं लागतं, म्हणजे चाळीस प्लेटींच्या रात्रीला चार किलो. साडेबाराच्या घाण्यानंतरही एक किलो डाळ-तांदूळ मोजून बाजूला ठेवायचे. एक वाजता पातेल्यात दहापेक्षा कमी प्लेटी उरल्या असतील तर न विचारता कुकर चढवायचा. हे सगळं ठरल्यावरच 'दोनपर्यंत' हे शब्द लिहायचा हक्क मिळतो.

तिसरी गोष्ट गेट. हॉस्टेलच्या खोलीपर्यंत पार्सल जात नाही. मुलींच्या हॉस्टेलचं गेट रात्री लवकर बंद होतं. काही ठिकाणी पार्सल वॉचमनच्या टेबलावर ठेवलेलं चालतं, काही ठिकाणी ठरावीक वेळेनंतर तेही चालत नाही. म्हणून ओळ लिहिण्याआधी भाच्याने एक संध्याकाळ तीन किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक हॉस्टेलवर जाऊन रेक्टर आणि वॉचमनला भेटायचं. किती वाजेपर्यंत पार्सल चालतं, कुठे ठेवायचं, कोणत्या गेटवर यायचं, हे वहीत लिहून घ्यायचं. जिथे अकरानंतर परवानगी नाही तिथे ही ओळ लावायचीच नाही, तिथल्या मुलींना दहा ते अकराची वेळ स्पष्ट सांगायची. नाहीतर गेटच्या आत भुकेली मुलगी, बाहेर गरम खिचडी आणि मध्ये नियम, असा प्रसंग येईल आणि दोष स्वयंपाकघराच्या माथी जाईल.

एक ओळ, सहा मसुदे

आता कागदावर ओळी लिहायच्या. पहिला मसुदा भाच्याचा, वीस मिनिटांचा. तो बाद झाला.

दुसरा मावशींचा : 'आईच्या हातची चव.' मनापासून लिहिलेला, पण घरापासून लांब राहणाऱ्या मुलाला आपल्या आईच्या हातची चव पक्की ठाऊक असते. नांदेडच्या मुलाची आई खिचडी तिखट करते, कोकणातल्या मुलीची आई वर ओलं खोबरं घालते, बिहारच्या मुलाची आई सोबत चोखा देते. मावशींची खिचडी कितीही चांगली असली तरी यातल्या प्रत्येकाच्या मते ती आईसारखी नसणार. हे वचन पहिल्याच घासाला मोडतं.

तिसरा : 'फ्रेश, ओरिजिनल, ऑथेंटिक.' तीन शब्द, आणि तिन्ही सगळ्यांनी वापरून गुळगुळीत झालेले. शिवाय अन्नपदार्थांच्या जाहिरातींबद्दल आणि दाव्यांबद्दल एफएसएसएआयचे 2018 चे नियम आहेत. अशा विशेषणांमुळे ग्राहकाची दिशाभूल होऊ नये म्हणून त्यांत बंधनं घातलेली आहेत. ब्रँडच्या नावात असं विशेषण असेल आणि त्याने गैरसमज होण्यासारखा असेल, तर हे केवळ ब्रँडचं नाव आहे असा खुलासा लेबलवर छापावा लागतो. ज्या शब्दासाठी खुलासा लागतो त्या शब्दावर वचन उभं करण्यात अर्थ नाही.

चौथा : '99 रुपयांत पोटभर.' महिनाअखेरीला कॉन्ट्री काढून मागवणाऱ्यांना ही ओळ भावेल. पण डाळीचा भाव वाढला, अॅपचं कमिशन वाढलं की एकतर ओळ बदलावी लागेल किंवा प्लेट लहान करावी लागेल. प्लेट लहान झालेली मुलांना पहिल्याच दिवशी कळते. किंमत मेनूत असावी, तिथे ती बदलता येते.

पाचवा : 'रात्री दोनपर्यंत गरम खिचडी, हॉस्टेलच्या गेटवर.' ही ओळ जमली, असं दोघांना वाटतं. मग मावशी विचारतात, "खिचडी म्हटल्यावर कुणाला साबुदाण्याची वाटली तर?" शंका रास्त आहे. आपल्याकडे एकादशीला, चतुर्थीला नुसतं 'खिचडी' म्हटलं की डोळ्यांपुढे साबुदाणाच येतो. उपासाच्या रात्री एखादी मुलगी त्याच आशेनं मागवेल आणि डबा उघडून हिरमुसेल.

सहावा : 'रात्री दोनपर्यंत गरम डाळखिचडी, हॉस्टेलच्या गेटवर.'

शब्द सहाच आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे स्वयंपाकघरातला एक नियम उभा आहे. 'दोनपर्यंत'मागे बाजूला ठेवलेला किलोभर डाळ-तांदूळ आणि अडीचपर्यंत थांबणारी माणसं. 'गरम'मागे तीन घाणे आणि स्वाराची तीन पार्सलं. 'डाळखिचडी'मागे दोन शेगड्यांवर जमणारा आणि डब्यात न बिघडणारा पदार्थ. 'गेटवर'मागे वॉचमनशी बोलून भरलेली वही. ओळीतला एखादा शब्द काढला तर स्वयंपाकघरात कोणता नियम ढिला होईल, असं विचारायचं. कोणताच होणार नसेल तर तो शब्द भरतीचा आहे, काढून टाकायचा. शब्दांचा क्रमही ग्राहकाच्या प्रश्नांचाच आहे : चालू आहे का, काय मिळेल, कुठे मिळेल.

नावाला काय उरलं

आता नाव. वेळ, पदार्थ आणि जागा ओळीने सांगितली. ती नावात पुन्हा सांगायची गरज नाही. नावाचं काम लक्षात राहणं आणि तोंडातून तोंडात जाणं.

दोघांचा वाटा कसा पडतो ते दाखवणारं अमेरिकेतलं एक उदाहरण हॉस्टेलच्याच खोलीतून निघालेलं आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकणाऱ्या सेथ बर्कोवित्झने 2003 मध्ये रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्यांना गरम कुकीज पोचवायला सुरुवात केली आणि नाव ठेवलं 'इन्सोम्निया कुकीज'. इन्सोम्निया म्हणजे झोप न लागणं. त्या नावातच ग्राहकाची अवस्था आणि पदार्थ दोन्ही आले, तेव्हा ओळीला वेगळं काही सांगायला जागा उरली. पण पदार्थ नावात घातला की व्यवसाय त्याच पदार्थाशी बांधला जातो, हेही लक्षात ठेवावं लागतं. पुण्यातच रोलच्या धंद्यातून सुरू झालेल्या 'फासोज'च्या कंपनीने, म्हणजे आजच्या रेबेल फूड्सने, बिर्याणीसाठी 'बेहरूझ' आणि पिझ्झासाठी 'ओव्हनस्टोरी' अशी वेगळी नावं चालवली. एका नावाला लोक एका पदार्थाशी जोडतात आणि तीच ओळख दुसऱ्या पदार्थाच्या आड येते. आपल्या मावशी-भाच्याला पुढे पराठेही वाढवायचे आहेत. म्हणून डाळखिचडी ओळीतच राहू द्यावी, ओळ नंतर बदलता येते. नाव बदललं की रेटिंग, ओळख आणि पाठ झालेला शोध, सगळं नव्याने जमवावं लागतं.

मग यादी होते. 'मिडनाईट' आणि 'हंग्री' असलेली नावं पहिल्यांदा बाद, कारण मोबाइलच्या यादीत ती एकमेकांत मिसळून जातात. 'अन्नपूर्णा' मंगल आहे, पण गावोगावी आहे, आणि त्यात रात्र नाही. 'भुक्कड' पोरांच्या तोंडात बसेल, पण शब्द हिणवणारा आहे. खरोखर भूक लागलेल्याला तसं म्हणू नये, आणि महिनाअखेरीला खिसा रिकामा असलेल्या मुलाला ते लागेल. 'जागरण' चांगलं वाटतं, पण मराठी घरात जागरण म्हटलं की खंडोबा आठवतो, आणि त्या नावाचं मोठं हिंदी वृत्तपत्रही आहे. मोबाइलवर शोधलं तर तेच वर येईल.

शेवटी एक नाव उरतं : 'रातवा'. रातवा हा रात्री उडणारा पक्षी. दिवसा पाचोळ्यात अंग चोरून बसतो आणि अंधार पडला की बाहेर पडतो. लहान शब्द आहे, त्यात रात्र आहे, आणि पक्षी माहीत नसलेल्यालाही 'रात' ऐकू येते. पुण्याच्या हॉस्टेलांत हिंदी बोलणारी पोरं पुष्कळ असतात, त्यांनाही ते परकं वाटत नाही.

नाव आवडलं, एवढ्यावर थांबायचं नाही. ते तीन ठिकाणी लावून बघायचं. पहिलं ठिकाण वाक्य. मराठीत नावाला विभक्ती लागते, आणि खूप नावं तिथेच अडखळतात. 'रातव्यातून मागव', 'रातव्याची खिचडी', 'रातव्याचं पार्सल आलंय, खाली ये.' तिन्ही वाक्यं जिभेवर सहज बसतात. शेवटचं वाक्य वॉचमनलाही म्हणता आलं पाहिजे, कारण गेटवर रोज तोच हाक मारणार आहे.

दुसरं ठिकाण टायपिंग. भाचा आठ-दहा मुलांना नाव एकदाच ऐकवतो आणि मोबाइलवर शोधायला सांगतो. कुणी ratva लिहितं, कुणी ratwa, कुणी raatva. एकाच नावाच्या तीन वाटा होतात आणि अॅपचा शोध प्रत्येक वाटेनं पोचवेलच असं नाही. जास्तीत जास्त बोटं ज्या स्पेलिंगकडे जातात तेच अॅपवर, इन्स्टाग्रामवर आणि पार्सलवर ठेवायचं. समजा, ते ratva निघालं. मग आपल्याला raatva कितीही देखणं वाटलं तरी ते सोडायचं.

तिसरं ठिकाण कायदा. ट्रेड मार्कच्या वर्गवारीत खाद्यसेवा 43 व्या वर्गात येते. सरकारच्या ट्रेड मार्क संकेतस्थळावर त्या वर्गात नाव शोधता येतं, आणि नुसतं स्पेलिंग न शोधता उच्चाराने जुळणारी नावंही बघायची, कारण आक्षेप तिथूनच येतो. नाव कुणी घेतलेलं असेल तर लोगो करण्याआधीच कळायला हवं. व्यवसायाचं नुसतं वर्णन करणाऱ्या नावांची नोंदणी अवघड जाते. 'रात्रीची खिचडी' या नावावर कुणा एकाला हक्क मागता येणं कठीण, कारण ते शब्द सगळ्यांचे आहेत. खिचडीशी काही संबंध नसलेल्या पक्ष्याचं नाव इथे बळकट ठरतं. नोंदणी झाली की ती दहा वर्षं चालते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक बिलावर छापावा लागतो, तो घेताना व्यवसायाचं नाव एकसारखं लिहावं, म्हणजे पुढे कागदपत्रांत घोळ होत नाही. आणि महाराष्ट्रात आस्थापनेच्या पाटीवर देवनागरी मराठी सक्तीची आहे. जे नाव देवनागरीत वाचताना अडखळायला होतं त्याची गैरसोय पाटी रंगवणाऱ्यापासूनच सुरू होते. 'रातवा' तीन अक्षरांत मोठा आणि सुटसुटीत दिसतो.

वचन पाळलं जातंय का, हे कसं कळेल

सगळं छापून झालं. नाव पाटीवर, अॅपवर आणि डब्यावर. ओळ अॅपमधल्या वर्णनात, हॉस्टेलच्या सूचनाफलकाजवळच्या पत्रकावर आणि डब्याच्या झाकणावर. झाकणावर ओळीखाली एक रिकामी जागा सोडायची : 'कढईतून उतरवलं : ____'. मदतनीस तिथे पेनानं वेळ लिहितो, 12:52. डबा 1:07 ला हाती आला की 'गरम' या शब्दाचा पुरावा ग्राहकाच्या हातातच असतो. आणि 1:40 झाले असतील तर तक्रारीआधीच दोष कुठे आहे ते दिसतं, रस्त्यावर की गेटवर.

स्वयंपाकघरात एक वही असते. ऑर्डर किती वाजता आली, कढईतून किती वाजता उतरली, गेटवर कधी पोचली, असे तीन रकाने. पहिल्या महिन्यात रोज सकाळी ती वाचायची आणि वाईट रात्री बाजूला काढायच्या. कढईपर्यंतचा उशीर दिसला तर तो गर्दीचा आहे. ओळ मोडलेली नाही, पण अॅपवर दाखवलेली वेळ वाढवायला हवी. कढई ते गेट यात वीस मिनिटांच्या वर गेलेल्या ऑर्डरी दिसल्या तर 'गरम' धोक्यात आहे. स्वार एका फेरीत किती पार्सलं नेतोय ते बघायचं. दीडच्या सुमारास 'संपलं' लिहिलेल्या नोंदी दिसल्या तर 'दोनपर्यंत' मोडतंय, आणि एकला कुकर चढवायचा नियम कुणीतरी विसरतंय.

फोनही ऐकावेत. "चालू आहे का?" असं विचारणारे फोन येत राहिले तर ओळ मुलांपर्यंत पोचलेली नाही. अॅपवर ती वर्णनात खाली दबली असेल किंवा पत्रक दिसत नसेल. "कुठवर आलं?" असे फोन वाढले तर ओळ पोचली आहे, पण लोक मनातल्या मनात तिच्यात 'लवकर' वाचताहेत, म्हणून ऑर्डर घेतानाच खरी वेळ सांगायची. ओळीतल्या एखाद्या शब्दाबद्दल शंका असेल तर दोन हॉस्टेलांत दोन वेगळी पत्रकं लावावीत, एकावर सवलतीसाठी DAL10 आणि दुसऱ्यावर DON10 असा कोड द्यावा, आणि कोणता कोड जास्त वापरला जातो ते बघावं. यावर वाद घालत बसण्यापेक्षा कोडांची मोजणी बरी. फक्त दोन्ही हॉस्टेलं साधारण सारख्या आकाराची असावीत आणि पत्रकं एकाच आठवड्यात लागावीत. नाहीतर एकीकडे परीक्षा आणि दुसरीकडे सुट्टी असली की आकडे फसवतात.

ओळ मोडायच्या रात्रीही येतील. जुलैत पुण्यात धो-धो पाऊस पडतो आणि स्वाराला बाहेर पाठवणं धोक्याचं होतं. अशा वेळी अकरालाच अॅपवरची नोंदणी थांबवायची आणि इन्स्टाग्रामवर लिहायचं की आज पावसामुळे बंद. रात्री दीडला ऑर्डर घेऊन अडीचला रद्द करण्यापेक्षा हे बरं, कारण उपाशी झोपायचं की मॅगी करायची, हे ठरवायला मुलाला वेळ मिळतो. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत हॉस्टेलं रिकामी होतात. त्या दिवसांत रात्री बारालाच बंद करायचं असेल तर त्याच संध्याकाळी अॅपवरची वेळ आणि वर्णनातली ओळ दोन्ही बदलायची आणि झाकणावर 'बारापर्यंत' असा स्टिकर लावायचा. 'रातवा' तोच राहील. ओळ मात्र स्वयंपाकघर आज जे करू शकतं तेच सांगेल, आणि उद्या शेगडी तिसरी आली, पराठे वाढले, वेळ तीनपर्यंत गेली, तर भाचा पुन्हा कागद घेऊन बसेल. तेव्हाही सुरुवात कढईपासूनच व्हायला हवी.